आधी टेप लावा, मग फुल्या मारा

रस्ता रुंद व्हायलाच हवा. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे "पत्रकार विकासाच्या आड येतोय" असं लिहायला बसलेल्यांचे कष्ट वाचतील. सकाळी नऊ वाजता शाळेची बस आणि सिमेंटचा मिक्सर समोरासमोर आले की काय होतं, ते मीही रोज बघतो. माझं भांडण रुंदीकरणाशी नाही. रुंदीकरणाची जागा कुठल्या बाजूने आणि कुठल्या कागदाच्या आधारावर घेतली जाते, एवढंच मला विचारायचंय. हे विचारायला मी पालिकेच्या कार्यालयात एक पत्र दिलंय. पत्र खाली जसंच्या तसं आहे. पण त्यातली मोजमापं कुठून आली, हे आधी समजून घ्या. उद्या तुमच्या दारात लाल फुली आली तर तुम्हालाही हेच करावं लागणार आहे.

आपल्या मुळशीच्या पूर्व कडेला, पालिकेत गेलेल्या पट्ट्यात, साधारण ९० मीटर लांबीचा एक रस्ता आहे. गावाचं, इमारतीचं आणि कार्यालयाचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. पत्रात गट क्रमांकासकट सगळं आहे, आणि ज्यांनी उत्तर द्यायचं त्यांना ते पोचलंय. रस्त्याच्या एका बाजूला सात गाळे आहेत. किराणा, पिठाची गिरणी, दुचाकी दुरुस्ती, इस्त्री, झेरॉक्स असे आपल्याकडे कुठल्याही वळणावर दिसतात तसेच. गाळे चार मीटर खोल. समोरच्या बाजूला एक नवी इमारत उभी राहिलीय, ताबा द्यायची गडबड चालू आहे. इमारतीच्या कंपाउंडची भिंत रंगवून झालीय, आत वॉचमनची केबिन झालीय, शोभेची झाडंही लागलीत.

गेल्या महिन्यात गाळ्यांच्या बाजूला लाल फुल्या पडल्या. शटरपासून तीन मीटर आत. म्हणजे चार मीटरच्या गाळ्यात मालकाला एक मीटर उरणार. एका मीटरमध्ये गिरणीचं जातं बसत नाही, माणूस तर लांबच. फुल्या कुणी मारल्या, कुठल्या आदेशाने मारल्या, याचा एकही कागद गाळेधारकांच्या हातात नाही. "रस्ता नऊ मीटरचा आहे, मंजूर आहे" एवढंच तोंडी सांगून माणसं निघून गेली. समोरच्या नव्या भिंतीवर मात्र रंगाचा एक थेंब नाही.

मग आम्ही दोघांनी टेप काढली. मी आणि एका गाळेधारकाचा मुलगा. तो स्थापत्यचा डिप्लोमा करतोय.

आता मोजणीबद्दल थोडं. "रस्त्याची रुंदी" हा शब्द सगळे एकच म्हणून वापरतात, पण त्यात तीन वेगळ्या रुंद्या लपलेल्या असतात. पहिली डांबराची रुंदी. ती ठेकेदाराने जेवढं डांबर ओतलं तेवढी, कायद्याशी तिचा संबंध नाही. दुसरी, जागेवर आज मोकळी दिसणारी रुंदी, म्हणजे या बाजूच्या हद्दीपासून त्या बाजूच्या हद्दीपर्यंत. गटार, साइडपट्टी, फुटपाथ असेल तर तोही त्यात धरायचा. तिसरी, मंजूर कागदावर लिहिलेली रुंदी. भांडण नेहमी दुसऱ्या आणि तिसऱ्या रुंदीत असतं. पण कार्यालयात गेलात की डांबर दाखवून बोलतात, आणि तिथेच आपला माणूस गोंधळतो.

मोजताना टेप रस्त्याला काटकोनात धरावी लागते. हे शाळेतलं वाटतं, पण सगळी गडबड इथेच होते. साडेआठ मीटरच्या रस्त्यावर टेपचं दुसरं टोक तीन मीटर पुढे सरकवलं की टेप नऊ मीटर दाखवते. तोच रस्ता, तीच टेप, आणि अर्धा मीटर हवेतून आला! म्हणून आधी रस्त्याच्या लांबीत खडूने रेघ मारली, तिच्यावर काटकोन काढला आणि मग टेप ताणली. एकाच ठिकाणी मोजून भागत नाही, म्हणून पाच ठिकाणी मोजलं. प्रत्येक ठिकाणी टेपचा आकडा आणि मागची ओळखीची खूण, म्हणजे विजेचा खांब किंवा गाळ्याचा शटर, एकाच फोटोत येईल असं बघितलं. गाळ्यांच्या बाजूने शटरच्या रेषेपासून मोजलं, पायऱ्यांपासून नाही. कारण पायऱ्या बाहेर आल्यात, चांगल्या हातभर आल्यात. त्या काढाव्याच लागतील. तसं मी गाळेधारकांना तोंडावर सांगितलंय आणि त्यांनी मान्यही केलंय.

आकडे असे आले: ६.०५, ६.१०, ५.९५, ६.०० आणि ६.१० मीटर. सरासरी ६.०४. म्हणजे आज जागेवर रस्ता सहा मीटरचा आहे.

आता समोरच्या इमारतीचा मंजूर नकाशा. तो मिळवायला कुणाच्या पाया पडावं लागत नाही. प्रकल्प महारेराकडे नोंदवलेला असेल तर त्याचे मंजुरीचे कागद महारेराच्या संकेतस्थळावर बघता येतात. नाहीतर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा आणि नुसती प्रत मागण्याऐवजी फाइल बघायलाच मागा. फाइल पाहण्याचा अधिकार त्याच कायद्यात आहे. या इमारतीच्या नकाशावर तीन गोष्टी स्वच्छ लिहिल्यात. भूखंडाची रस्त्यालगतची दर्शनी लांबी २४ मीटर. समोरचा रस्ता ९ मीटर रुंद. आणि भूखंडाच्या पुढच्या कडेला दीड मीटरची एक पट्टी आखून तिच्यावर लिहिलंय, "रस्तारुंदीखालील क्षेत्र". २४ गुणिले दीड, म्हणजे ३६ चौरस मीटर.

हिशोब सरळ आहे. जुना रस्ता सहा मीटर. या बाजूने दीड, त्या बाजूने दीड, झाले नऊ. नकाशा काढणाऱ्या वास्तुविशारदाने हेच धरलंय आणि नकाशावर शिक्का मारणाऱ्यानेही हेच मान्य केलंय. मग ती दीड मीटरची पट्टी आज कुठे आहे?

हे शोधायला दर्शनी बाजू मोजावी लागते. रुंदी मोजून कळतं की रस्ता कमी आहे, पण कुणाच्या बाजूला कमी पडतोय ते नुसत्या रुंदीवरून कळत नाही. आम्ही भूखंडाची दर्शनी लांबी रस्त्यावरूनच मोजली. २४.०५ मीटर भरली. नकाशाशी जुळली, म्हणजे आपण कागदावरच्याच भूखंडासमोर उभे आहोत आणि त्याचे दोन्ही कोपरे जागेवर आहेत, ही खात्री झाली. ही लांबी जास्त भरली असती तर भिंत शेजारच्या बोळात किंवा ओढ्यात सरकलीय का, हा वेगळाच प्रश्न उभा राहिला असता. मग वॉचमनला विचारून गेटातून इमारतीच्या तोंडापासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत मोजलं. साडेचार मीटर. नकाशात समोरचं सामासिक अंतर तीन मीटर आहे, आणि ते नव्या रस्त्याच्या कडेपासून मोजायचंय. तीन अधिक दीड, साडेचार.

म्हणजे इमारत बरोबर जागेवर उभी आहे. बांधणाऱ्याने इमारत पुढे सरकवलेली नाही, हे मी स्पष्ट लिहितो. पण कंपाउंडची भिंत जुन्याच हद्दीवर बांधलीय. रस्त्यासाठी सोडायची दीड मीटरची पट्टी भिंतीच्या आत आहे. तिच्यावर केबिन आणि शोभेची झाडं आहेत.

आणि त्या बाजूचा तो दीड मीटर आता गाळ्यांमधून घ्यायचं चाललंय. तीन मीटरची फुली त्यातून आली. नऊ वजा सहा बरोबर तीन, घाला सगळे एकाच बाजूला. गणित बरोबर आहे, न्याय नाही.

आता कुणी म्हणेल, दीड मीटरच्या पट्टीने बिल्डरला काय एवढा फरक पडतो? भिंत आज ना उद्या मागे घेईल. पट्टीचा फरक आधीच पडून गेलाय, मित्रांनो. तो समजून घ्या.

डिसेंबर २०२० मध्ये राज्यात एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यात दाट वस्तीबाहेरच्या भूखंडावर किती बांधता येईल, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. मोठ्या महापालिकांच्या तक्त्यात नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्ता असेल तर एफएसआय १.१० वर थांबतो, अधिमूल्य नाही, टीडीआर नाही. रस्ता नऊ मीटर झाला की मूळ १.१०, त्यावर ०.५० अधिमूल्याचा आणि ०.४० टीडीआरचा, असा २.०० पर्यंत जातो. पूरक एफएसआय त्यावर वेगळा. १,२०० चौरस मीटरचा भूखंड उदाहरणाला घ्या. सहा मीटरच्या रस्त्यावर १,३२० चौरस मीटर, नऊ मीटरच्या रस्त्यावर २,४०० पर्यंत. फरक १,०८० चौरस मीटरचा. म्हणजे मध्यम आकाराचे पंधरा-सोळा फ्लॅट, ते केवळ नकाशावर "९ मीटर" हा आकडा आहे म्हणून.

रस्ता आज सहाचा असला तरी रुंदीकरणाची रेषा रीतसर ठरलेली असेल आणि मालकाने आपल्या वाट्याची पट्टी पालिकेला दिली असेल, तर नऊ मीटरचा फायदा देता येतो. ही तरतूद वाईट नाही. त्यामागे रोकडा व्यवहार आहे: तू जागा दे, आम्ही तुला जास्त बांधू देतो. त्या पट्टीचाही मोबदला एफएसआय किंवा टीडीआरच्या रूपाने मिळतो. पण व्यवहार म्हटला की दोन्ही बाजू पुऱ्या व्हायला हव्यात. घेणाऱ्याने मजले चढवून घेतले आणि द्यायची पट्टी भिंतीच्या आत ठेवली, तर लोकांचं येणं राहिलंच की! आणि ते येणं समोरच्या गिरणीवाल्याकडून वसूल करायचं, हे कुठल्या नियमावलीत लिहिलंय?

रुंदी आणि एफएसआयचं हे नातं नवीन नाही. २०२० साली पुणे महापालिकेच्या स्थायी समितीपुढे सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आला होता, तो आठवत असेल. तेव्हाही वाद याच मुद्द्यावर पेटला होता की रुंदीकरण वाहतुकीसाठी आहे की टीडीआर वापरता यावा म्हणून. तो प्रस्ताव महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली होता. हे कलम ध्यानात ठेवा. रस्त्याची "नियमित रेषा" ठरवण्याचा अधिकार त्यात आहे, पण रीत पाळून. नवी रेषा आखायची तर आयुक्तांनी आधी महिनाभराची जाहीर सूचना द्यायची, त्या रस्त्यावरही सूचना लावायची, हरकती ऐकायच्या आणि मग स्थायी समितीची मान्यता घ्यायची. या सगळ्यानंतर रेषेचा एक नकाशा तयार होतो. आमच्या रस्त्याच्या बाबतीत तो नकाशा असेल तर तो दाखवा, एवढीच माझी मागणी आहे.

दोन्ही बाजूंनी सारखंच घ्यायचं, असा काही कायदा नाही, हेही मान्य. कधी एका बाजूला ओढा असतो, जुनं देऊळ असतं, उच्चदाबाची लाइन असते, आणि रेषा मुद्दाम एका बाजूला सरकवावी लागते. पण तसं केलं असेल तर ते त्या नकाशात दिसेल. आणि तसं असेल, तर समोरच्या इमारतीच्या मंजूर नकाशात दीड मीटरची पट्टी का दाखवली, याचं उत्तर मग दुसऱ्या टेबलाने द्यावं. एकाच कार्यालयाच्या दोन टेबलांवर एकाच रस्त्याच्या दोन वेगळ्या रेषा असू शकत नाहीत.

इथे आपल्या भागाची एक खास अडचण आहे. ३० जून २०२१ ला सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक ही आपल्या तालुक्यातली गावं पुणे महापालिकेत गेली. पण पुढच्याच महिन्यात राज्य सरकारने नव्याने गेलेल्या २३ गावांसाठी नियोजन प्राधिकरण म्हणून पीएमआरडीएला नेमलं. म्हणजे कचरा एकाकडे, नकाशा दुसऱ्याकडे. पीएमआरडीएचा प्रारूप विकास आराखडा २०२१ सालीच प्रसिद्ध झाला, पण तो प्रारूपच राहिला, मंजूर झाला नाही. तेव्हा कुणी "प्लॅनमध्ये आहे" म्हणालं की पहिला प्रश्न हा विचारा: कुठला प्लॅन, मंजूर की प्रारूप, आणि मंजूर असेल तर कुठल्या तारखेचा? प्रारूप आराखड्याचा प्रिंट दाखवून गाळे पाडायला निघालेली माणसं मी पाहिलीत.

आणि मोबाइलवरचा नकाशा झूम करून रुंदी सांगणाऱ्यांपासून तर चार हात लांब राहा. १:४००० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर चार मीटर. नकाशावरची रेघच अर्धा मिलिमीटर जाड असेल तर ती रेघच दोन मीटरची झाली! आपलं भांडण दीड मीटरचं आहे. ते रेघेच्या जाडीतच हरवून जातं. नकाशावर पट्टी ठेवून रुंदी काढायची नसते. रुंदीचा लिहिलेला आकडा वाचायचा असतो, आणि ती रेषा जमिनीवर नेमकी कुठे पडते, हे भूकरमापकाने हद्दीचे दगड शोधून, मोजून ठरवायचं असतं. त्यासाठी पौडला भूमी अभिलेखचं कार्यालय आहे. आमची टेपसुद्धा शेवटचा शब्द नाही. आमच्या टेपने प्रश्न उभा केला, उत्तर संयुक्त मोजणीनेच मिळेल.

आता कुणी साहेब म्हणतील की अतिक्रमण काढायला एवढे सोपस्कार कशाला. त्यांच्यासाठी सुप्रीम कोर्टाचं एक प्रकरण सांगतो. माणूस आमच्याच धंद्यातला आहे. उत्तर प्रदेशातल्या महाराजगंजचे पत्रकार मनोज टिबडेवाल यांचं वडिलोपार्जित घर सप्टेंबर २०१९ मध्ये रस्ता रुंदीकरणाच्या नावाखाली पाडलं गेलं. लेखी नोटीस नाही, फक्त दवंडी. अतिक्रमण धरलं तरी ते जास्तीत जास्त ३.७० मीटरचं होतं आणि पाडलं त्याहून कितीतरी जास्त, असं मानवी हक्क आयोगाच्या चौकशीत आलं होतं. ६ नोव्हेंबर २०२४ ला सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या खंडपीठाने उत्तर प्रदेश सरकारला २५ लाखांची अंतरिम भरपाई द्यायला सांगितली, आणि रुंदीकरण करताना काय क्रमाने करायचं, तेही घालून दिलं.

तो क्रम असा. आधी सरकारी दप्तरावरून, नकाशावरून रस्त्याची सध्याची रुंदी नक्की करा. मग त्या दप्तराच्या आधारे जागेवर मोजणी करून अतिक्रमण आहे का ते बघा. असेल तर नोटीस द्या. माणसाने हरकत घेतली तर ती ऐकून, कारणं देऊन लेखी निर्णय करा. हरकत फेटाळली तरी स्वतः काढून घ्यायला वाजवी मुदत द्या. त्यानंतरच यंत्र आणा. आणि रस्त्याची अधिकृत रुंदी मुळातच कमी असेल, रुंद करायला दुसऱ्याची जागा लागत असेल, तर ती कायद्याने संपादन करा. या निकालाच्या प्रती सगळ्या राज्यांच्या मुख्य सचिवांना पाठवायला कोर्टाने सांगितलं होतं. महाराष्ट्रालाही मुख्य सचिव आहेत.

त्याच महिन्यात, १३ नोव्हेंबरला, बुलडोझर कारवाईवरचा दुसरा निकाल आला. १५ दिवसांच्या नोटिशीशिवाय पाडू नका, हा त्यातला नियम सगळ्यांना माहीत झाला. पण सार्वजनिक रस्त्यावरच्या, फुटपाथवरच्या अनधिकृत बांधकामाला त्यातून वगळलंय, हे कमी लोकांना माहीत आहे. म्हणजे बघा, गाळा रस्त्यावर आहे की मालकाच्या स्वतःच्या जागेत आहे, यावर त्याला नोटीस मिळणार की नाही तेच ठरतं. आणि हे मोजल्याशिवाय कळूच शकत नाही. फुली आधी आणि मोजणी नंतर, हा उलटा क्रम म्हणूनच इतका धोक्याचा आहे. माणसाचा ऐकून घेण्याचा हक्कच त्यात जातो.

आता पत्र. दोन प्रती नेल्या होत्या, एकीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेऊन आलो. नावं आणि क्रमांक तेवढे गाळलेत.

"मा. अधिकारी, बांधकाम परवाना विभाग आणि मा. अधिकारी, पथ विभाग, यांस.

विषय: रस्त्याची प्रत्यक्ष रुंदी मंजूर नकाशाशी पडताळून पाहण्याबाबत.

महोदय, उपरोक्त रस्त्यावर दि. … रोजी आम्ही पाच ठिकाणी मोजमाप घेतले. रस्त्याची हद्द ते हद्द रुंदी सरासरी ६.०४ मीटर आढळली. पूर्व बाजूच्या भूखंडाची दर्शनी लांबी २४.०५ मीटर असून ती मंजूर बांधकाम नकाशाशी जुळते. सदर नकाशात रस्ता ९ मीटर रुंद दर्शवून भूखंडाच्या दर्शनी बाजूस १.५० मीटर रुंदीचे, एकूण ३६ चौ.मी. क्षेत्र रस्तारुंदीसाठी सोडलेले आहे. प्रत्यक्षात सीमाभिंत जुन्या हद्दीवरच असून सदर क्षेत्र भिंतीच्या आत आहे. पश्चिम बाजूच्या सात गाळ्यांवर मात्र ३ मीटर आत खुणा करण्यात आल्या आहेत. मोजमापाचा तक्ता व छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

तरी विनंती की,

१) या रस्त्याची रुंदी ज्या मंजूर योजनेने अथवा नियमित रेषेने ९ मीटर ठरली, तिचा दिनांक, ठराव क्रमांक व नकाशाची प्रत द्यावी.

२) भूमी अभिलेख कार्यालयामार्फत दोन्ही बाजूंच्या मालकांना पूर्वसूचना देऊन संयुक्त मोजणी करावी व रस्त्याची मध्यरेषा आणि दोन्ही कडा जागेवर खुणा करून दाखवाव्यात.

३) पूर्व बाजूचे ३६ चौ.मी. क्षेत्र पालिकेच्या ताब्यात आले आहे काय? आले असल्यास ताबा पावतीची प्रत आणि सातबाऱ्यावरील फेरफार क्रमांक कळवावा. आले नसल्यास त्यापोटी कोणता एफएसआय अथवा टीडीआर मंजूर केला, ते कळवावे.

४) ही पडताळणी होईपर्यंत सदर इमारतीस भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये व गाळ्यांवर कारवाई करू नये.

५) गाळ्यांवरील खुणा कोणत्या आदेशाने केल्या, त्या आदेशाची प्रत द्यावी."

बस, एवढंच पत्र आहे. त्यात कुणाला चोर म्हटलेलं नाही. तिसरा मुद्दा परत एकदा वाचा, कारण कुलूप तिथेच आहे. पट्टी खरोखर दिली असेल तर सातबाऱ्यावर पालिकेचं नाव लागलं असेल, आणि मग भिंत पालिकेच्या जागेवर उभी आहे, म्हणजे लाल फुली त्या भिंतीवर मारायची वेळ आली. पट्टी दिलीच नसेल, तर नऊ मीटरचे मजले कशाच्या जोरावर चढले, हे सांगायची वेळ आली. दोन्हीपैकी कुठलंही उत्तर आलं तरी सात गाळ्यांमधून तीन मीटर घ्यायचा आधार डळमळतो.

चौथा मुद्दा घाईचा आहे. भोगवटा प्रमाणपत्र एकदा हातात पडलं की बिल्डर पुढच्या साइटवर जातो. मागे राहते सोसायटी. पन्नास घरांच्या सोसायटीला नंतर कुणी सांगायला जाईल का, की तुमची केबिन आणि झाडं रस्त्यात आहेत, भिंत मागे घ्या? फ्लॅट घेणाऱ्यांनाही हे माहीत नाही. त्यांना ब्रोशरमध्ये नऊ मीटरचा रस्ता दाखवलाय, आणि तो नऊ मीटर त्यांच्याच भिंतीने अडवलाय. म्हणजे आज हे मोजून घेण्यात त्यांचंही हित आहे. आज भिंत मागे घ्यायला एक जेसीबी आणि दोन दिवस लागतात. ती मागे गेली आणि समोरून दीड मीटर रीतसर, मोबदला देऊन घेतला, तर रस्ता नऊ मीटर होतो आणि गाळ्यांना अडीच मीटर उरतात. अडीच मीटरमध्ये गिरणी चालते. गिरणीवाल्यानेच मला हे मोजून दाखवलंय. दीड मीटर द्यायला त्याची ना नाही. त्याचं म्हणणं एवढंच आहे, "समोरच्याचं मी का देऊ?"

याला काय उत्तर देणार, साहेब?

तीस दिवस वाट बघतो. माहितीच्या अधिकाराचा अर्ज पत्रासोबतच दिलाय, त्याची मुदत तेवढीच आहे. उत्तर आलं तर शब्दन् शब्द इथे टाकीन, आमच्या विरोधात असलं तरी. मोजणीची तारीख लागली तर तीही कळवतो. त्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी आपापले कागद घेऊन हजर राहा. गाळेधारकांनी सातबारा आणि मोजणीची क प्रत काढून ठेवा. सातपैकी फक्त दोघांकडे क प्रत आहे, हे चालणार नाही. हद्दीचा कागद हातात नसला की भूकरमापकासमोर आवाज चढवून काही उपयोग होत नाही.

आणि तुमच्या रस्त्यावर फुल्या पडल्या असतील तर आज संध्याकाळी एक तीस मीटरची टेप आणि एक माणूस सोबत घ्या. रुंदी मोजा, समोरच्याची दर्शनी बाजू मोजा, नकाशा काढा. तुमचे आकडे आणि फोटो मला पाठवा. आरडाओरडा पाठवू नका, आकडे पाठवा.